शेगडीची निळी ज्योत कॅमेऱ्यात धरताना

गॅसच्या शेगडीची जाहिरात करणं मोटारीच्या जाहिरातीपेक्षा अवघड आहे, असं माझं मत नागपुरात इतकी वर्षं जाहिरातपट करून झालेलं आहे. मोटार बहुतेक प्रेक्षकांनी लांबून पाहिलेली असते. शेगडीची ज्योत मात्र घरात स्वयंपाक करणाऱ्या माणसाने रोज, हातभर अंतरावरून, दूध उतू जाऊ नये म्हणून डोळा लावून पाहिलेली असते. तिचा रंग, तिची उंची, तिचा आवाज त्याच्या अंगात मुरलेला असतो. पडद्यावरची ज्योत जराशीही वेगळी असली तर नेमकं काय चुकलं हे त्याला सांगता येत नाही, पण त्या शेगडीवरचा विश्वास उडतो.

मी इथे जे काम सांगणार आहे ते इथल्याच एका उत्पादकाचं होतं. दोन बर्नरची काचेची शेगडी, वीस सेकंदांचा जाहिरातपट आणि त्यात ज्योतीची तीन दृश्यं: बर्नर पेटतो ते, पॅनमध्ये कांदा पडून चरचरतो ते, आणि शेवटी कॅमेरा जाळीच्या खालून ज्योतीच्या कड्यातून वर येतो ते. मालकांची मागणी एका वाक्याची होती: ज्योत निळीशार, भरपूर आणि स्वयंपाकघर लखलखीत उजेडाचं. यातली पहिली आणि तिसरी गोष्ट एका चौकटीत सहज मावत नाही. तिथूनच या कामाची सुरुवात होते.

चांगली पेटलेली गॅसची ज्योत फार मंद असते. आपल्याला ती ठळक वाटते कारण आपण ती काळ्या जाळीसमोर, भांड्याच्या सावलीत पाहतो आणि डोळा तेवढ्यापुरता जुळवून घेतो. कॅमेऱ्याला ही सवलत नाही. जाहिरातीसाठी स्वयंपाकघर उजळलं, पांढऱ्या टाइल्स चमकल्या, मागे खिडकीतून नागपूरचं दुपारचं ऊन आलं, की ज्योत नाहीशी होते. बर्नर पेटलेला आहे हे फक्त पॅनवरून उठणाऱ्या धगीने कळतं. मग पुष्कळ जण पुढे संगणकावर निळा रंग भरतात, आणि ती ज्योत गणपतीच्या मंडपातल्या विजेच्या माळेसारखी दिसू लागते.

यावरचा उपाय ज्योतीला हात लावण्यात नाही, तिच्या मागे काय आहे ते ठरवण्यात आहे. आम्ही शेगडीमागच्या पांढऱ्या टाइल्स काढून गडद राखाडी दगडाचं पॅनल लावलं. पॅन बाहेरून मॅट काळं घेतलं, कारण चकचकीत स्टीलच्या बुडात दिव्यांचं प्रतिबिंब ज्योतीच्या बरोबर वर येतं. दिवे वरून आणि मागून ठेवले, आणि पॅनच्या पुढच्या कडेची सावली बर्नरवर पडेल अशा बेताने मुख्य दिवा सरकवला. स्वयंपाकघर उजेडाचंच दिसतं, कारण प्रेक्षकाची नजर भाजी, काउंटरची कड आणि मागची खिडकी यांवरून उजेडाचा अंदाज घेते. फक्त जिथे ज्योत आहे तेवढा हातभर भाग काळोखा राहतो. दगडाच्या रंगाला मालकांनी सुरुवातीला नाक मुरडलं होतं. मॉनिटरवर दोन्ही पार्श्वभूमी शेजारी शेजारी दाखवल्यावर त्यांनीच टाइल्स बाहेर न्यायला सांगितलं.

आता रंगाकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे.

मेणबत्तीची ज्योत पिवळी असते ती तिच्यातल्या काजळीमुळे. न जळलेल्या कार्बनचे बारीक कण तापून लालसर पिवळे चमकतात, जशी लोखंडाची सळई भट्टीत चमकते. गॅसच्या शेगडीत गॅस जेटमधून बाहेर पडताना वाटेत हवा ओढून घेतो आणि मिसळूनच बर्नरपर्यंत पोहोचतो. १८५५च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट बुन्सेन यांच्या प्रयोगशाळेत जो बर्नर घडला, त्याचंच हे घरगुती रूप. हवा आधीच मिसळल्यामुळे काजळी तयार होत नाही. मग जो निळा उजेड दिसतो तो तापलेल्या कणांचा नसतो. ज्वलनाच्या मधल्या पायरीवर क्षणभर जन्मणाऱ्या रेणूंच्या तुकड्यांचा तो उजेड असतो. कार्बन-हायड्रोजनची जोडी ४३१ नॅनोमीटरच्या आसपास जांभळट निळा प्रकाश देते. दोन कार्बन अणूंची जोडी ४७३ आणि ५१६ नॅनोमीटरजवळ निळा आणि हिरवट प्रकाश देते. या दुसऱ्या पट्ट्यांचा अभ्यास स्कॉटलंडचे विल्यम स्वान यांनी १८५६-५७च्या सुमारास केला, म्हणून त्यांना आजही स्वान पट्टे म्हणतात.

जाहिरात करणाऱ्याला या माहितीचा थेट उपयोग आहे. ज्योतीत एक निळा नसतो, दोन असतात. प्रत्येक भोकातून उठणारा आतला छोटा शंकू फिकट, हिरवट झाक असलेला, टोकदार निळा असतो. त्याच्या बाहेरचं आवरण पातळ आणि जांभळट असतं, आणि त्याची कड हवेत विरून जाते. आतल्या शंकूचा हिरवटपणा गेला आणि सगळी ज्योत एकाच निळ्यात रंगली, की डोळा ती खोटी ठरवतो. दुसऱ्याचं काम तपासायला बसलो की मी पहिल्यांदा हेच पाहतो.

हे दोन निळे टिकवायचे तर चित्रीकरणाच्या वेळीच जपावं लागतं. कॅमेऱ्याच्या मॉनिटरवर उजेड मोजणारा जो सर्वसाधारण आलेख असतो, तो एकूण तेज दाखवतो, आणि त्या तेजाच्या हिशेबात निळ्या रंगाचा वाटा जेमतेम सात टक्के असतो. त्यामुळे निळा रंग छताला टेकून सपाट झाला तरी आलेख सांगतो की ज्योत अजून काळोखी आहे, आणखी उघडा. उघडलं की आतला शंकू आणि बाहेरचं आवरण दोन्ही एकाच डागात मिसळतात, आणि मग ते संगणकावर परत मिळत नाहीत. म्हणून लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आलेख वेगवेगळे लावायचे आणि फक्त निळ्यावर नजर ठेवायची. कॅमेऱ्याचा श्वेत-समतोलही ५६०० केल्विनच्या आसपास, उन्हाच्या उजेडाला जुळणारा ठेवायचा. बल्बच्या उजेडाचा, म्हणजे ३२०० केल्विनचा ठेवला तर ज्योत अधिक निळी येते खरी, पण तिची हिरवट झाक मरते. मालकांना मॉनिटरवर ती जादा निळी ज्योत आवडते आणि काम झाल्यावर कोणालाच आवडत नाही.

याच कामात पहिल्या दिवशी सकाळी ज्योतीत नारिंगी ठिपके आले. बर्नर नवा कोरा, शेगडी नुकती खोक्यातून काढलेली, तरी कड्याच्या एका बाजूला नारिंगी जिभा लवलवत होत्या. मालकांबरोबर आलेले तंत्रज्ञ म्हणाले, हवा कमी पडते आहे, झडप थोडी उघडतो. मी त्यांना थांबवलं. नारिंगी रंगाची दोन अगदी वेगळी कारणं असतात आणि दोघांचे उपायही वेगळे असतात. हवा कमी असेल तर पिवळेपणा ज्योतीच्या टोकांना येतो, सगळ्या भोकांवर थोडाफार सारखा असतो आणि हलला तरी जात नाही. हा काजळीचा रंग. दुसरं कारण सोडियम. मीठ, धूळ, सोडा, घाम, साध्या पाण्यातले क्षार, यांपैकी कशाचाही कण ज्योतीत गेला की ५८९ नॅनोमीटरचा गडद नारिंगी पिवळा प्रकाश चमकतो. हा रंग ज्योतीच्या बुडापासून उठतो, ठराविक भोकांवर दिसतो आणि चमकून जातो.

ओळखायची साधी परीक्षा आहे. स्टीलची स्वच्छ ताटली चिमट्याने अर्धा मिनिट ज्योतीवर धरायची. बुडाला काळं लागलं तर काजळी, हवा कमी आहे. ताटली स्वच्छ राहिली तर रंग बाहेरून आलेल्या क्षाराचा. आमची ताटली स्वच्छ राहिली. चौकशी केली तेव्हा कळलं की कलाविभागातल्या मुलाने आदल्या रात्री पितळी बर्नरला झळाळी यावी म्हणून तो लिंबू आणि खाण्याच्या सोड्याने घासला होता, आणि स्टुडिओतल्या बोअरच्या जड पाण्यात धुतला होता. सोडा म्हणजे सोडियमच. भोकांच्या कडेला पांढरी पूड बारकाईने पाहिल्यावर दिसली. बर्नर काढला, बाटलीच्या पाण्याने धुतला, प्रत्येक भोकात दातकोरणी फिरवली, मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर वाळवला आणि मग दहा मिनिटं नुसता जळू दिला. नारिंगी गेला. त्या वेळी झडप उघडली असती तर गरजेपेक्षा जास्त हवा जाऊन ज्योत बर्नरवरून उचलली गेली असती आणि फुरफुरू लागली असती. चांगली शेगडी बिघडवून तिची जाहिरात केली असती.

मे महिन्यातल्या नागपूरची आणखी एक अडचण म्हणजे कूलर. बाहेर पारा पंचेचाळीसजवळ, आत दिवे आणि शेगडी, आणि स्टुडिओतली माणसं कूलरशिवाय उभी राहू शकत नाहीत. पण कूलरचा झोत ज्योतीला एका बाजूला ढकलतो आणि धूळही उडवतो, म्हणजे पुन्हा ठिपके. वाकडी झालेली ज्योत प्रेक्षकाला थेट सांगते की इथे वारा आहे, म्हणजे ती विझू शकते आणि गॅस सुटू शकतो. ज्योत सरळ उभी असणं हे सौंदर्याचं नाही, सुरक्षिततेचं चिन्ह आहे. म्हणून दृश्यापुरता कूलर आणि पंखे बंद, दिवे एलईडीचे, आणि दोन दृश्यांमध्ये गॅस बंद करून दारं-खिडक्या उघडायच्या, असा क्रम ठरला.

कांद्याच्या दृश्यात आम्ही एकाच चौकटीची दोन चित्रीकरणं केली. तिपाईच्या पायांशी वाळूच्या पिशव्या टाकून कॅमेरा पक्का केला. पहिल्यांदा सगळे दिवे लावून पॅन, कांदा, हात, वाफ टिपली. मग हात बाजूला, दिवे बंद, पॅन तिथेच, आणि लेन्स दोन स्टॉप उघडून, म्हणजे चौपट उजेड घेऊन, फक्त ज्योत टिपली. ही दुसरी ज्योत पहिल्या चित्रावर चढवायची. इथे पुष्कळ काम बिघडतं ते एका कारणाने: ज्योत कापून चिकटवली जाते, जशी एखादी वस्तू चिकटवतात. ज्योत मागचं काही झाकत नाही. तिच्यातून पलीकडची जाळी दिसते, तिची सावली पडत नाही. ती फक्त उजेड आहे, आणि उजेडावर उजेड ठेवला की बेरीज होते. म्हणून चिकटवायची नाही, मिळवायची. त्यासाठी आधी दोन्ही चित्रं संगणकावर रेषीय उजेडात आणावी लागतात, म्हणजे आकड्याची दुप्पट ही खरोखर उजेडाची दुप्पट असेल अशा रूपात, कारण कॅमेऱ्याच्या फाईलमध्ये आकडे तसे नसतात. हे न करता बेरीज केली तर ज्योतीच्या कडा पांढऱ्या फुटतात. बेरजेनंतर मी एकाच गोष्टीची भर घातली: जाळीच्या दांड्यांच्या आतल्या कडेवर अगदी पुसट निळी झाक. ती प्रत्यक्षात असते, दिव्यांच्या उजेडात हरवते, आणि ती परत आली की ज्योत त्या शेगडीचीच वाटते.

तिसरं दृश्य कॅमेऱ्याने घेण्यासारखं नव्हतं. जाळीखालून, काचेच्या पातळीवरून, पेटत्या कड्याच्या मधून वर जायचं होतं. ते ब्लेंडरमध्ये केलं. इथे सॉफ्टवेअरमधली सोय वाट चुकवते. आगीसाठी तापमान द्यायचं आणि तापमानावरून रंग काढायचा अशी एक तयार व्यवस्था त्यात असते. गॅसच्या ज्योतीचं तापमान सुमारे १९०० ते २००० अंश सेल्सियसपर्यंत जातं. हे खरं तापमान दिलं की मिळतो तो जुन्या बल्बच्या तारेसारखा, किंबहुना त्याहूनही पिवळा रंग. माझ्यासोबत काम करणाऱ्या मुलाने ते पाहून तापमान वाढवत नेलं, पण कितीही वाढवलं तरी तिथे पांढरा आणि फिकट आकाशी यापलीकडे काही येत नाही. याचं कारण वर सांगितलंच आहे: ती व्यवस्था तापलेल्या कणांचा रंग काढते आणि आपल्या ज्योतीत ते कणच नाहीत. म्हणून तापमानाचा आधार सोडून रंग हाताने द्यावा लागतो. आतल्या शंकूला हिरवट निळा, आवरणाला जांभळट निळा, टोकाला शून्य. प्रत्येक भोकाची ज्योत वेगळी काढली आणि तिची उंची जराजराशी कमी-जास्त ठेवली. सगळ्यात उपयोगी पडलं ते पहिल्या दिवशी खरा बर्नर काळोखात अगदी जवळून टिपून ठेवलेलं चित्रीकरण. मुलगा ते शेजारच्या पडद्यावर लावून काम करत होता.

आता पॅनकडे वळतो. चरचराट म्हणजे तेल उकळणं नाही. कांद्यातलं पाणी १७०-१८० अंशांच्या तेलात येतं, क्षणात वाफ होतं आणि बुडबुडा होऊन फुटतं, त्याचा तो आवाज. त्यामुळे चरचराटाची ताकद कांद्यातल्या पाण्यावर आणि तेलाच्या तापमानावर ठरते. काही जण आवाज वाढावा म्हणून गरम तेलावर पाण्याचा फवारा मारतात. ते आम्ही करत नाही, आणि त्याचं कारण फक्त स्टुडिओतल्या माणसांचं रक्षण हे नाही. पाण्याची वाफ होताना आकारमान साधारण १७०० पट वाढतं. तेल त्याबरोबर उडतं, आणि तो तडतडाट ऐकून घरी बसलेला माणूसही हात मागे घेतो. भूक लावणारा चरचराट सुरुवातीला बारीक आणि दाट असतो, मग कांद्यातलं पाणी सरतं तसा खाली येत जातो. आवाज आम्ही वेगळा, माइक पॅनच्या बाजूला झुकवून, एका अखंड प्रयोगात घेतला. तीन सेकंदांचा तुकडा फिरवून फिरवून लावला की आवाज खाली येत नाही, आणि कांदा कधी शिजतच नाही असं वाटतं.

कांदा कोणी टाकायचा, हा प्रश्न आम्ही एका खानावळीत स्वयंपाक करणाऱ्या काकूंना बोलावून सोडवला. त्यांनी कांदा आधी फडक्यावर पसरून वरचं पाणी टिपून घेतलं, पॅनच्या कडेने तेलाला टेकवत सोडला, आणि मीठ मात्र वरून शिंपडू दिलं नाही. त्यांचं कारण वेगळं होतं, कांद्याला लगेच पाणी सुटतं. माझं कारण रंगाचं होतं: वरून शिंपडलेल्या मिठाचे कण पॅनच्या कडेवरून ज्योतीत पडतात आणि नारिंगी चमक उठते. ती खोटी नसते, घरीही होते, पण वीस सेकंदांच्या जाहिरातीत प्रेक्षक तिला शेगडीचा दोष समजतो. मीठ आम्ही त्या कांद्यात पुढे पडणाऱ्या, आधीच कालवलेल्या पोह्यांत घातलं. वरून सांबार, म्हणजे इतरत्र ज्याला कोथिंबीर म्हणतात तो, अखेरच्या सेकंदाला पडतो.

वाफेने मात्र छळलं. दिसते ती वाफ म्हणजे थंड हवेत निवून बनलेले पाण्याचे थेंब. मे महिन्यातल्या तापलेल्या कोरड्या हवेत ते थेंब बनत नाहीत, बनले तर लगेच उडून जातात, आणि कांदा गरम असूनही थंड दिसतो. धूपाचा किंवा यंत्राचा धूर लावणं सोपं असतं, पण धूर वर जाऊन तरंगत राहतो, वाफ वितीभर वर जाऊन नाहीशी होते. त्यात धोकाही आहे: पॅनमधून निळसर धूर उठणं म्हणजे तेल जळतंय, आणि नॉनस्टिक पॅन असेल तर त्याचा लेप बिघडायची वेळ, कारण तो सुमारे २६० अंशांपुढे टिकत नाही. म्हणून आम्ही खोली एसीने बावीस अंशांवर आणली, दृश्याच्या आधी एसी बंद केला आणि मागून एक अरुंद दिवा लावला. हवा थंड झाली की तिची सापेक्ष आर्द्रता आपोआप वाढते, आणि तीच वाफ दिसू लागते. डिसेंबरमध्ये इथे यातलं काहीच करावं लागत नाही.

आणि मग मालकांची दुसरी मागणी: ज्योत भरपूर. नॉब पूर्ण फिरवला तेव्हा ज्योत पॅनच्या बुडाबाहेर येऊन कडेने वर चढली. मॉनिटरवर भव्य दिसत होतं. काकू पटकन म्हणाल्या, "अहो, एवढी मोठी आच काहून ठेवता जी? भांड्याच्या भाईर जाऊन राह्यली, हँडल पोळंल ना." मी मालकांना हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. घरगुती शेगडीसाठीच्या आयएस ४२४६ या भारतीय मानकात औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. कडेने वर जाणारी ज्योत म्हणजे भांड्याला न मिळता वाया गेलेली उष्णता. ज्या शेगडीची बचत विकायची तीच वाया घालवताना दाखवायची का? शिवाय भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे १९८५ साली स्थापन झालेल्या आस्कीच्या, संहितेत योग्य कारण नसताना धोकादायक कृती दाखवू नये, सुरक्षिततेची बेफिकिरी दाखवू नये असं स्पष्ट कलम आहे. मालकांनी ज्योत बुडाच्या आत ठेवायला होकार दिला. भरपूरपणा आम्ही दुसरीकडून आणला: मोठ्या बुडाचं पॅन घेतलं आणि कॅमेरा खाली नेला. पॅन मोठं असल्यामुळे मोठा बर्नर पूर्ण आचेवरही बुडाच्या आत राहिला.

सुरक्षित दिसणं हे ज्योतीपेक्षा तिच्या आसपास जास्त असतं, हे मला नागपूरच्याच राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात प्रशिक्षण घेतलेल्या एका परिचित अधिकाऱ्यांनी शिकवलं. ही संस्था १९५६ साली उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी नागपुरात आली, आणि देशभरातले अग्निशमन अधिकारी तिथे तयार होतात. हे गृहस्थ चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी सेट पाहायला आले, तेव्हा शेगडी पेटवायला त्यांनी सांगितलंच नाही. त्यांनी आधी हँडल पाहिलं. ते काउंटरच्या बाहेर आलेलं होतं, कारण कॅमेऱ्याला ते तसं छान दिसत होतं. लहान मूल ओढेल, असं म्हणून त्यांनी ते आत वळवलं. सिंथेटिक साडीऐवजी सुती कुर्ता आणि वर बांधलेल्या बाह्या सुचवल्या. काउंटरवर सजावटीला ठेवलेला कागदी रुमालांचा गठ्ठा उचलला. रबरी नळी काउंटरवरून वळसा घेऊन चाललेली होती, ती खाली आणि बर्नरपासून दूर घेतली. सिलिंडर उभा आणि शेगडीच्या पातळीखाली ठेवायला लावला, जरी तो चौकटीत येणार नव्हता.

"दिसत नाही ते पण बरोबर ठेवा," ते म्हणाले, "कारण तुमचे हात त्याला लागतात."

पॅनच्या मापाचं झाकण त्यांनी उजव्या हाताशी ठेवलं. तेल पेटलं तर गॅस बंद करून झाकण सरकवायचं, पाणी कधीही नाही. ते झाकण आम्ही दृश्यातही तसंच ठेवलं. दिसायला ते नुसतं स्वयंपाकघरातलं झाकण आहे, पण ज्याला कळतं त्याला ते योग्य जागी दिसतं. या सगळ्याचा चित्रावर जो परिणाम झाला तो मी आधी गृहीत धरला नव्हता: काकूंचे हात सैल झाले. आदल्या दिवशीच्या तालमीत त्या बाही सांभाळत, हँडल चुकवत काम करत होत्या आणि तो ताण मनगटात दिसत होता. दुसऱ्या दिवशी कांदा त्यांनी घरी टाकावा तसा टाकला.

शेवटचं काम फोनचं होतं, कारण बहुतेक लोक ही जाहिरात तिथेच पाहणार होते. फोनवर जाणाऱ्या फाईलमध्ये रंगाचे तपशील उजेडाच्या तपशिलापेक्षा कमी साठवले जातात. ज्योतीचं बाहेरचं आवरण हा गडद पार्श्वभूमीवरचा पातळ निळा उतार असतो, तो आकसला की त्यात पायऱ्या दिसू लागतात आणि ज्योत थरांची होते. त्यावर आम्ही ज्योतीच्या भागापुरता बारीक दाणा मिसळला. त्याने पायऱ्या विस्कटतात. मग आतल्या शंकूची चमक थोडी वाढवली, कारण छोट्या पडद्यावर आवरण जवळजवळ जातंच आणि शंकूंचं कडंच ज्योत म्हणून वाचलं जातं. स्वस्त फोन, महागडा फोन आणि घरातला टीव्ही यांवर एकामागून एक लावून पाहिलं. स्वस्त फोनवर निळा थोडा जांभळ्याकडे झुकला होता, म्हणून त्या आवृत्तीत हिरवट झाक किंचित वाढवून फाईल पुन्हा काढली आणि दोन्ही आवृत्त्या मालकांकडे पाठवल्या.